स्लोप चार्टमध्ये शहरांची नावं एकमेकांवर चढतात तेव्हा

लक्षण असं. दोन वर्षांचे आकडे आहेत, सात-आठ शहरं आहेत. डावीकडे एक वर्ष, उजवीकडे दुसरं, मधे तिरक्या रेषा. रेषा छान उमटतात, पण दोन्ही टोकांना लिहिलेली नावं एकमेकांत घुसतात. भिवंडी, मीरा-भाईंदर आणि उल्हासनगर मिळून एक काळा डाग होतो. मग माउसने एकेक नाव धरून वर-खाली सरकवायचं, सगळं वाचता येतंय ना ते बघायचं आणि फाइल बंद करायची. दोन दिवसांनी एखादा आकडा दुरुस्त केला किंवा चार्ट जरा लहान केला, की नावं पुन्हा भलतीकडे.

नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयात ‘आपला ठाणे जिल्हा’ असा एक भिंतीवरचा फलक करायचा होता. सोबत वाचकांना द्यायला छोटी पुस्तिकाही होती. त्यात २००१ आणि २०११ च्या जनगणनेतली शहरांची लोकसंख्या एका चित्रात दाखवायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. वरचा प्रकार माझ्या बाबतीत चार वेळा झाला. पाचव्या वेळी हाताने सरकवणं सोडून दिलं आणि नीट बसून उपाय शोधला. तोच इथे लिहितो आहे. एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरचं कुठलंही चालेल.

आकडे असे आहेत, लाखांत:

| शहर | २००१ | २०११ |
|---|---|---|
| ठाणे | १२.६ | १८.४ |
| कल्याण-डोंबिवली | ११.९ | १२.५ |
| नवी मुंबई | ७.० | ११.२ |
| भिवंडी | ६.० | ७.१ |
| मीरा-भाईंदर | ५.२ | ८.१ |
| उल्हासनगर | ४.७ | ५.१ |
| अंबरनाथ | २.० | २.५ |
| बदलापूर | १.० | १.७ |

त्याआधी: चार्टच आडवा आला असेल तर

हा तक्ता निवडून सरळ लाइन चार्ट घातला, तर बहुतेकांना आठ तिरक्या रेषा मिळतच नाहीत. खाली आठ शहरांची नावं येतात आणि वर दोनच वेड्यावाकड्या रेषा, एक २००१ ची, एक २०११ ची. कारण साधं आहे. ओळी आणि स्तंभ यांत जे जास्त असेल ते एक्सेल आडव्या अक्षावर टाकतं. आपल्याकडे आठ ओळी आणि दोन स्तंभ. चार्ट निवडून `Switch Row/Column` दाबलं की तो सरळ होतो. लिब्रेऑफिसमध्ये चार्ट घालतानाच `Data series in rows` निवडायचं.

कधीकधी यानंतरही सगळ्या रेषा तळाशी चिकटलेल्या दिसतात आणि एकटी रेषा वर २००० च्या आसपास जवळजवळ सपाट जाते. ते ‘२००१’ आणि ‘२०११’ हे मथळेच आहेत; एक्सेलने त्यांनाही लोकसंख्या समजून रेषा काढली. तक्त्याचा वरचा डावा कोपरा मोकळा ठेवा, म्हणजे मथळे मथळेच राहतात.

ज्यांच्या नावांत पुरेसं अंतर आहे त्यांचं काम इथेच झालं. आमच्या चित्रात ते नव्हतं.

नावं पुन्हा पुन्हा का हलतात

चार्टमधलं नाव हे त्या रेषेच्या टोकाला बांधलेलं असतं. आपण ते सरकवतो तेव्हा एक्सेल ‘मूळ जागेपासून इतकं दूर’ एवढंच लक्षात ठेवतं. शेजारच्या नावाशी किती अंतर राखायचं आहे, हे त्याला कुठेच सांगितलेलं नसतं. त्यामुळे रेषेचं टोक हललं, चार्टची उंची बदलली किंवा उभ्या अक्षाची कमाल मर्यादा आपोआप वर-खाली झाली, की आपण राखलेलं अंतर मोडतं.

म्हणून रेषेची जागा आणि नावाची जागा वेगळी करायची. रेषा खऱ्या आकड्यावरच राहील. नावाची उंची मात्र आपण एका सूत्राने काढायची: शक्यतो आकड्याइतकीच, पण वरच्या नावापासून ठरावीक अंतर राखून.

हे अंतर अंदाजाने ठरवू नका, मोजा. आमच्या फलकावर रेषांच्या भागाची उंची १२ सेंमी होती. उभा अक्ष ० ते २० लाख. अक्षरं १० पॉइंटची, म्हणजे साधारण ०.३५ सेंमी उंच. वर-खाली थोडी हवा धरून एका नावाला ०.४५ सेंमी लागतात. देवनागरीत वेलांटी आणि उकार असल्यामुळे याहून कमी धरू नये, ‘मीरा’ची वेलांटी वरच्या नावाला टेकते. मग १२ सेंमी म्हणजे २० लाख, तर ०.४५ सेंमी म्हणजे किती?

```
L1:  =20*0.45/12
```

उत्तर ०.७५ लाख. दोन नावांमध्ये एवढं अंतर हवंच. उभ्या अक्षाची किमान आणि कमाल मर्यादा हाताने ० आणि २० लिहून पक्की करा. ती `Auto` वर राहिली तर हे गणित कधी चुकेल ते कळणारही नाही.

रेषा

यासाठी लाइन चार्ट सोडून `Scatter with Straight Lines and Markers` घ्यायचा. प्रत्येक शहराची वेगळी मालिका करत बसू नका. दोन स्तंभांत सगळी शहरं एकाखाली एक लिहा, आणि दोन शहरांच्या मधे एक ओळ पूर्ण रिकामी सोडा:

```
x    y
1    12.6
2    18.4

1    11.9
2    12.5

1    7.0
2    11.2
```

रिकाम्या ओळीपाशी रेषा तुटते, त्यामुळे एकाच मालिकेत आठही तुकडे येतात. तुटत नसेल तर `Select Data` मध्ये `Hidden and Empty Cells` उघडून `Gaps` निवडलंय का ते पाहा.

इथे एक चूक मी केली आणि तिने माझी एक पूर्ण संध्याकाळ खाल्ली. रिकाम्या ओळीत मी दिसायला बरं म्हणून एक छोटी रेघ टाकली होती. झालं काय, तर सगळी शहरं डावी-उजवीकडे उभी राहण्याऐवजी जिन्यासारखी एकापुढे एक सरकत गेली. x च्या स्तंभात एकाही खान्यात मजकूर असला तर एक्सेल तो स्तंभच बाजूला ठेवतं आणि १, २, ३, ४ असं स्वतः मोजू लागतं. सूत्राने आणलेलं `""` सुद्धा रिकामं धरलं जात नाही, तो मजकूरच असतो. जिना दिसला की x चा स्तंभ तपासायचा. खाना निवडून Delete दाबलेला असेल तरच तो खरा रिकामा.

आडव्या अक्षाची मर्यादा ०.२ ते २.८ ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना नावांसाठी जागा उरते. मग दोन्ही अक्ष आणि मागच्या जाळीच्या रेघा काढून टाका. आकडे नावांसोबतच येणार आहेत. अक्ष काढला तरी लिहिलेली मर्यादा टिकते.

नावं

डाव्या बाजूची यादी वेगळी करा आणि ती २००१ च्या आकड्याप्रमाणे मोठ्याकडून लहानाकडे लावा. F मध्ये नाव, G मध्ये आकडा, H मध्ये ०.९७ (बिंदूच्या किंचित डावीकडे), I मध्ये नावाची उंची, J मध्ये छापायचा मजकूर.

```
I2:  =G2
I3:  =MIN(G3, I2-$L$1)
J2:  =F2&"  "&TEXT(G2,"0.0")
```

I3 चं सूत्र खालपर्यंत ओढायचं. त्याचा अर्थ एवढाच की वरच्या नावापासून पुरेसं दूर असशील तर तुझ्या जागी राहा, नसशील तर लागेल तेवढंच खाली ये. आमच्या डाव्या बाजूला काय झालं ते सांगतो. ठाणे १२.६ वर. कल्याण-डोंबिवली ११.९ वर हवं होतं, पण मर्यादा ११.८५, म्हणून ०.०५ खाली आलं. नवी मुंबई, भिवंडी आणि मीरा-भाईंदर जागच्या जागी. उल्हासनगर ४.७ वरून ४.४५ वर आलं. बाकीची दोन हललीच नाहीत. म्हणजे डोळ्यांना जो मोठा गोंधळ वाटत होता, तो एका नावाला पाव लाखाचा धक्का देऊन सुटला. कागदावर ते दीड मिलिमीटर भरतं.

ही H आणि I ची जोडी चार्टमध्ये नवी मालिका म्हणून घाला, तिची रेषा आणि ठिपके `None` करा, `Add Data Labels` द्या. मग `Format Data Labels` मध्ये `Value From Cells` वर खूण करून J चा स्तंभ दाखवा, `Y Value` ची खूण काढा आणि जागा `Left` निवडा.

उजव्या बाजूची यादी पुन्हा नव्याने करायची, २०११ प्रमाणे लावून. x २.०३, जागा `Right`. डावीचीच यादी उजवीकडे वापरण्याचा मोह होतो, तो टाळा. २००१ मध्ये भिवंडी मीरा-भाईंदरच्या वर होती, २०११ मध्ये ती खाली गेली. क्रम चुकीचा असेल तर `MIN` खालच्या सगळ्यांना उगाच ओढून नेतो. सगळी नावं तळाला गोळा झालेली दिसली, तर सूत्र बरोबर असतं, यादी लावायची राहिलेली असते.

चित्र लहान केलं तेव्हा

फलक झाला. पुस्तिकेसाठी मी तोच चार्ट अर्ध्या उंचीला आणला, रेषांचा भाग ६ सेंमी. अक्षरं १० पॉइंटचीच ठेवली, कारण वाचनालयात येणाऱ्या आजी-आजोबांना त्याहून बारीक वाचवत नाही. L1 मध्ये १२ च्या जागी ६ लिहिलं, अंतर दीड लाख झालं, आणि नावं एकमेकांवर न चढता नीट ओळीने उभी राहिली. मी पान पाठवून दिलं.

छपाईचा नमुना बघताना ग्रंथालयातल्या ताईंनी, त्या स्वतः अंबरनाथच्या, बोट ठेवून विचारलं, “दादा, उल्हासनगर अडीच लाखांवर कधी होतं?” बघितलं तर डावीकडे उल्हासनगरचं नाव २.५ च्या उंचीवर येऊन बसलं होतं, अंबरनाथच्या ठिपक्याच्या अगदी शेजारी. नावापुढे ४.७ छापलेलं होतं, पण डोळा आकडा वाचत नाही, शेजारची रेषा पकडतो. बदलापूर तर उणे अर्ध्या लाखावर, म्हणजे चित्राच्या तळाच्याही खाली गेलं होतं.

म्हणून आता मी आणखी एक स्तंभ ठेवतो: `=G2-I2`, म्हणजे नाव आपल्या आकड्यापासून किती लांब गेलं. हे लांब जाणं ठरवलेल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त झालं की नाव चुकीच्या रेषेचं वाटू लागतं. पुस्तिकेत उल्हासनगर २.२ लाखांनी खाली आलं होतं आणि आमची मर्यादा होती पाऊण लाख. अशा वेळी सूत्राकडून आणखी काही होणार नाही. चार्ट उंच करा किंवा शहरं कमी करा. आम्ही पुस्तिकेत त्याला पूर्ण उभं पान दिलं.

क्रमांक वापरून सुटका करून घेऊ नका

या अडचणीवर मला सगळ्यात जास्त वेळा मिळालेला सल्ला म्हणजे लोकसंख्येऐवजी क्रमांक काढा. `RANK` लावायचा, अक्षाला `Values in reverse order` सांगायचं, आणि १ ते ८ सारख्या अंतराने येणार, नावं चढण्याचा प्रश्नच नाही. हे खरं आहे. पण आमच्या आकड्यांवर ते करून पाहा. आठपैकी सहा रेषा सरळ आडव्या येतात आणि मधे एकच फुली दिसते, भिवंडी चारवरून पाचवर आणि मीरा-भाईंदर पाचवरून चारवर. ठाण्यात दहा वर्षांत जवळपास पावणेसहा लाख माणसं वाढली. घोडबंदर रोड डोळ्यांदेखत भरत गेलेला ज्यांनी पाहिला, त्यांना ते सांगावं लागत नाही. क्रमांकाच्या चित्रात ठाणे पहिलं होतं आणि पहिलंच आहे, रेषा सपाट. नवी मुंबई कल्याण-डोंबिवलीच्या पाच लाख मागे होती, ती सव्वा लाखावर येऊन ठेपली, तिथेही सपाट.

क्रमांक घ्यावा तो क्रमांक हीच मूळ बातमी असेल तेव्हा, किंवा आकडे मुळातून मिळतच नसतील तेव्हा. नावं बसत नाहीत म्हणून घेऊ नये.

क्रमांकाचा दुसरा धोका वसई-विरारमुळे लक्षात आला. २०११ मध्ये तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला. लोकसंख्या १२.२ लाख. साहजिकच यादीत हवा. पण ही महापालिका २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आसपासची गावं एकत्र करून झाली. २००१ मध्ये या नावाचं शहर जनगणनेत नव्हतंच. क्रमांकाचं चित्र असतं तर २०११ मध्ये वसई-विरार तिसरं आलं असतं आणि नवी मुंबई तिसरीवरून चौथी, म्हणजे खाली उतरणारी रेषा. लोकसंख्या दहा वर्षांत ५९ टक्के वाढलेलं शहर घसरल्यासारखं दिसलं असतं, ते केवळ शेजारच्या नगरपालिका एक झाल्या म्हणून. आम्ही वसई-विरारला रेषा दिली नाही. उजवीकडे फक्त एक पोकळ ठिपका आणि नाव, खाली टीप: ‘महापालिका २००९ मध्ये स्थापन’. डावीकडे शून्य मात्र कधीही लिहू नका. शून्यापासून १२ लाखांपर्यंत चढणारी रेषा पूर्ण खोटी होईल. रेषांच्या स्तंभात तिची एकच ओळ येते, २ आणि १२.२.

या नव्या नावाने उजवीकडे थोडी गर्दी झाली. कल्याण-डोंबिवली १२.५, वसई-विरार १२.२ वरून ११.७५, आणि त्याच्या धक्क्याने नवी मुंबई ११.२ वरून ११.०. फलकासाठी मर्यादा ०.३७ होती आणि वसई-विरार ०.४५ हललं होतं. आपलं सूत्र फक्त खालीच ढकलतं, त्यामुळे घोळक्यातल्या पहिल्या नावाला काहीच सोसावं लागत नाही आणि सगळा भार मागच्यांवर पडतो. अशा वेळी पहिल्याच नावाला थोडं वर उचलायचं. कल्याण-डोंबिवलीच्या I खान्यात सूत्राऐवजी `=G3+0.25` लिहिलं. ते १२.७५ वर गेलं, वसई-विरार १२.० वर आलं आणि नवी मुंबई आपल्या ११.२ वर परत गेली. आता कुणीही पाव लाखाहून जास्त हललेलं नाही.

नावं बसल्यावर उरलेली एक रेषा

सगळं वाचता येऊ लागल्यावर चित्रातली सगळ्यात विचित्र गोष्ट पुढे आली: कल्याण-डोंबिवली. वर ठाणे आणि खाली नवी मुंबई चढताहेत आणि ही रेषा जवळजवळ आडवी. दहा वर्षांत जेमतेम अर्धा लाख. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडणाऱ्या कुणालाही हे पटणार नाही आणि पहिल्या दिवशीच फलकासमोर दोघांनी तसं म्हटलंही.

आकडा चुकलेला नाही, हद्द बदलली आहे. २००१ ची जनगणना झाली तेव्हा २७ गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत होती. २००२ मध्ये ती बाहेर काढली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. म्हणजे डावीकडचा ठिपका २७ गावांसकट आहे आणि उजवीकडचा त्यांच्याविना. रेषा दोन वेगवेगळ्या शहरांना जोडते आहे. स्लोप चार्टमध्ये ही गफलत तक्त्यापेक्षा जास्त नुकसान करते, कारण तक्त्यात दोन आकडे नुसते शेजारी असतात, इथे मधली रेषा ‘हे असं वाढलं’ असं ठामपणे सांगते.

तेव्हा ही रेषा आम्ही मूळ मालिकेतून काढून वेगळी मालिका केली आणि तुटक रेघेत काढली. उजवीकडच्या J खान्यात नावापुढे एक फुली जोडली आणि चार्टच्या खाली लिहिलं: ‘२००१ च्या आकड्यात २७ गावं धरलेली आहेत, २०११ च्या आकड्यात नाहीत.’ तुटक रेघेसाठी `Format Data Series` मध्ये `Dash type` बदलायचा. ठाण्याची रेषाही अशीच वेगळी काढून गडद निळी केली, बाकीच्या राखाडी ठेवल्या. J मधला मजकूर सूत्राने येत असल्यामुळे फुली थेट टाइप केली तर सूत्र पुसलं जातं; ती अवतरणात सूत्राच्या शेवटी जोडा:

```
J3:  =F3&"  "&TEXT(G3,"0.0")&" ×"
```